दोन चकत्यांची घासाघीस

पायाने चालवायच्या जुन्या शिलाई मशीनच्या हातचाकाशेजारी एक छोटा खटका असतो. त्याच्या टोकाला बॉबिन बसवायची कांडी आणि तिच्या बुडाशी रबरी रिंग घातलेलं इवलंसं चाक. बॉबिन भरायची वेळ आली की मधला स्क्रू सैल करायचा, म्हणजे सुई थांबते आणि हातचाक मोकळं फिरत राहतं. मग तो खटका दाबायचा. रबरी रिंग हातचाकाच्या कडेला टेकते, क्षणभर ‘चर्र’ असा आवाज येतो आणि बॉबिन भिरभिरायला लागते. हातचाकापेक्षा कितीतरी जास्त वेगाने, आणि उलट्या दिशेने.

तो ‘चर्र’ संपतो कधी आणि का, आणि तो संपल्यावर कोण किती वेगाने फिरत असतं, हे आपल्याला शोधायचं आहे. प्रश्न भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमातला आहे, पण त्याच्या तोंडावरच एक खड्डा आहे आणि त्यात हुशार मुलंच जास्त पडतात. कारण त्या खड्ड्यावर एका अतिशय आदरणीय नियमाची पाटी लावलेली आहे.

शिलाई मशीनवर पाय चालू असतो, त्यामुळे हातचाकाला सतत नवा जोर मिळत राहतो. तो बाजूला ठेवू. एका पाटावर दोन उभ्या आसा ठोकल्या आहेत आणि त्यांवर दोन भरीव, सपाट चकत्या आडव्या बसवल्या आहेत असं धरा. डावी चकती ४ किलोची, २० सेंटिमीटर त्रिज्येची. उजवी २ किलोची, १० सेंटिमीटर त्रिज्येची. डावीला मिनिटाला ६०० फेऱ्यांचा वेग देऊन हात काढून घेतला. उजवी स्थिर आहे. बेअरिंग इतकं चांगलं की त्याचा अडथळा विसरून जाता येईल. आता उजवी आस हलकेच सरकवून दोन्ही कडा एकमेकींना टेकवायच्या आणि तशाच दाबून धरायच्या.

टेकल्या क्षणी डाव्या चकतीची कड सेकंदाला सुमारे १२.६ मीटर वेगाने धावत असते. उजवीची कड जागेवरच असते. म्हणजे रबर रबरावर घासणार. हे घर्षण उजवीला ओढून पळवतं आणि डावीला मागे खेचतं. दोन्ही बल तंतोतंत सारखी, दिशा उलट. डावी मंदावत जाते, उजवी वेग घेत जाते आणि एक क्षण असा येतो की दोन्ही कडांचा वेग एकच होतो. त्या क्षणी घासणं थांबतं. घासणं थांबलं की घर्षणाला करण्यासारखं काही उरत नाही, ते शून्यावर येतं. पुढे दोन्ही चकत्या दातेरी चाकांसारख्या एकमेकींबरोबर निमूट फिरत राहतात.

इथे एक बारकावा आहे. जुळतो तो कडेचा वेग, फेऱ्यांचा वेग नव्हे. उजवीची त्रिज्या निम्मी, म्हणून तेवढ्याच कडेच्या वेगाला तिला दुप्पट फेरे मारावे लागतात. डावीच्या एका फेऱ्यात उजवीचे दोन. हे नातं शेवटच्या स्थितीचं पहिलं समीकरण. पण अज्ञात दोन आहेत, तेव्हा दुसरं समीकरणही हवं. खड्डा आहे तो इथे.

पुस्तकाने शिकवलेलं असतं की फिरणाऱ्या वस्तूपाशी कोनीय संवेग असतो. वस्तूचं फिरण्यातलं जडत्व गुणिले फेऱ्यांचा वेग म्हणजे कोनीय संवेग, आणि तो अक्षय्य असतो. बर्फावर गिरक्या घेणारी नर्तिका हात जवळ घेते आणि वेगाने फिरू लागते, हे उदाहरण प्रत्येकाला पाठ आहे. मग इथेही तेच लावायचं. आधी सगळा संवेग डावीकडे होता, आता तो दोघींत वाटला जाईल.

करून पाहू. भरीव चकतीचं जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले दोन. डावीचं ०.०८, उजवीचं ०.०१. त्यातून उत्तर येतं डावी ४८० फेरे, उजवी ९६०. दिसायला ठीक. डावी थोडी मंदावली, उजवी पळाली, कडा जुळल्या. परीक्षेच्या धांदलीत यावर कोणी शंका घेणार नाही.

पण जरा सावध विद्यार्थी म्हणेल, थांबा, उजवी तर उलट फिरते आहे. एक घड्याळाच्या दिशेने, दुसरी विरुद्ध. कोनीय संवेगाला दिशा असते, तेव्हा उजवीचा वाटा वजा धरला पाहिजे. बरोबर आहे त्याचं. वजा धरून पुन्हा सोडवलं की डावीला मिनिटाला ८०० फेरे आणि उजवीला १६०० येतात. म्हणजे ६०० ने फिरणारी चकती दुसऱ्या चकतीवर घासून अधिक जोरात फिरायला लागली! घर्षणाने ऊर्जा खर्ची पडायच्या ऐवजी कुठून तरी फुकट आली. हे अशक्य आहे, आणि या अशक्यतेचा फायदा असा की चूक लपत नाही. चिन्ह चुकवणाऱ्याला पटण्याजोगं उत्तर मिळतं आणि चिन्ह बरोबर घेणाऱ्याला हास्यास्पद. त्यामुळे पुष्कळ जण चिन्ह चुकीचं ठरवून मागे फिरतात आणि ४८० वर समाधान मानतात. खरं तर चिन्ह बरोबर होतं. नियम लावण्याची जागा चुकली होती.

कोनीय संवेग अक्षय्य राहतो तो बाहेरून कोणी पीळ देत नसेल तर. इथे कोणी देतं का? घर्षणाची दोन बलं एकमेकींना उलट आहेत, तो आतला मामला झाला. कडा दाबून धरणारं बल चकतीच्या मध्यातून जातं, त्याने पीळ पडत नाही. मग उरतं काय? त्या बिचाऱ्या दोन आसा, ज्यांच्याकडे चित्र काढताना कोणाचंच लक्ष जात नाही.

आसा नसत्या तर काय झालं असतं, ते पाहा. डावी चकती वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आहे, म्हणजे तिची उजवी कड आपल्यापासून पलीकडे जाते. घर्षण तिला अलीकडे ओढतं. आस नसती तर अख्खी चकतीच आपल्याकडे सरकत आली असती. उजवी तशीच पलीकडे निघून गेली असती. त्या जागच्या हलत नाहीत, कारण डावी आस डावीला पलीकडे ढकलून धरते आणि उजवी आस उजवीला अलीकडे. घर्षणाइतकीच बलं, पण आता दोन वेगळ्या ठिकाणी, मध्ये ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, परस्परविरुद्ध. अशी जोडी म्हणजे निव्वळ पीळ. तो बाहेरून येतो आणि घासणं चालू असेपर्यंत संवेग खात राहतो. काही जण डाव्या आसेभोवती संवेग मोजून सुटका शोधतात, म्हणजे निदान त्या आसेचं बल हिशेबातून जाईल. जातं, पण उजव्या आसेचं राहतं आणि तेवढाच पीळ एकटं देतं. बिंदू कोणताही घ्या, या जोडीचा पीळ बदलत नाही.

हा पीळ कल्पनेतला नाही. कडा एकमेकींवर १० न्यूटन घर्षणाने घासत असतील तर पाटावर ३ न्यूटन-मीटर पीळ येतो. ३० सेंटिमीटरच्या काठीला टोकाशी किलोभर वजन टांगून ती दुसऱ्या टोकाला आडवी धरली तर मनगटाला साधारण तेवढाच जाणवतो. पाट हातात धरला असेल तर घासण्याच्या काळात तो डाव्या चकतीच्या मूळ दिशेने वळायला बघेल. गरगर फिरणाऱ्या टेबलावर मोकळा ठेवला असेल तर खरोखरच वळेल. हरवलेला कोनीय संवेग तिकडे गेलेला असतो. पाट घट्ट बसवला असेल तर तो ओट्यात, ओट्यातून जमिनीत आणि पृथ्वीत जातो, आणि पृथ्वीला त्याची दखलही लागत नाही.

मोटारीच्या क्लचमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे दोन तबकड्या एकाच आसेवर समोरासमोर असतात आणि तोंडं एकमेकींवर घासतात. दोन्हींवरचं घर्षण त्याच आसेभोवती पिळतं, एकीला जेवढा पीळ तेवढाच उलटा दुसरीला, आणि आसेला बाजूला रेटणारं काही उरत नाही. फिरत्या तबकडीवर दुसरी टेकवली तर तिथे कोनीय संवेगाचा नियम बिनदिक्कत लावता येतो. समोरासमोर टेकणं आणि कडेला कड टेकणं, चित्रात फरक एवढासा, पण एका ठिकाणी नियम चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

मग बरोबर रस्ता कोणता? दोन्ही चकत्या वेगळ्या धरायच्या आणि त्यांच्यात जे खरोखर सारखं आहे तेच वापरायचं. ते आहे घर्षणाचं बल, आणि ते दोघींवर नेमका तेवढाच वेळ चालतं. बल गुणिले वेळ याला आवेग म्हणतात. आवेग दोघींना समान, पण पीळ समान नाही, कारण डावीला हे बल २० सेंटिमीटर लांबीच्या हाताने पिळतं आणि उजवीला १० च्या. प्रत्येक चकतीचा बदललेला कोनीय संवेग म्हणजे आवेग गुणिले तिची त्रिज्या.

हे मांडून त्रिज्येचा हिशेब केला की एक देखणी गोष्ट घडते. चकतीच्या जडत्वात त्रिज्येचा वर्ग आहे. एक त्रिज्या पिळणाऱ्या हाताबरोबर कटते, दुसरी फेऱ्यांच्या वेगाला चिकटून कडेचा वेग बनते. उरतं ते इतकंच की निम्मं वस्तुमान गुणिले कडेच्या वेगातला बदल म्हणजे आवेग. त्रिज्या कुठेच नाही. मोठी चकती फिरवायला लांब हात मिळतो खरा, पण तिचं वस्तुमानही तेवढंच लांब पसरलेलं असतं, म्हणून फिटंफाट होते. कडेला बोट लावणाऱ्याला कोणतीही भरीव चकती, लहान असो की मोठी, आपल्या निम्म्या वजनाची वाटते.

म्हणजे आपली डावी चकती कडेपाशी २ किलोच्या ठोकळ्यासारखी वागते आणि उजवी १ किलोच्या. सेकंदाला १२.६ मीटरने येणारा २ किलोचा ठोकळा १ किलोच्या स्थिर ठोकळ्याला चिकटला, तर दोघं मिळून किती वेगाने जातील? दोन तृतीयांश, म्हणजे ८.४ मीटर. कडेचा अंतिम वेग तोच. डावी मिनिटाला ४०० फेऱ्यांवर येते आणि उजवी ८०० वर, उलट दिशेने. नियम एका ओळीत सांगायचा तर असा:

```
v = v₀ × M₁ / (M₁ + M₂)
```

v₀ म्हणजे पहिल्या चकतीच्या कडेचा सुरुवातीचा वेग, v म्हणजे दोघींच्या कडांचा शेवटचा वेग, आणि M₁, M₂ ही वस्तुमानं. फेरे हवे असतील तर v ला ज्या त्या त्रिज्येने भागायचं. आता दिशेसह एकूण कोनीय संवेग मोजला तर तो सुरुवातीच्या बरोबर निम्मा भरतो. निम्मा आसांनी पळवला.

या सूत्रात घर्षण किती जोराचं हेही नाही, आणि ते प्रथमदर्शनी खटकतं. रबर खरखरीत असो की गुळगुळीत, दाब जास्त असो की कमी, अंतिम वेग तोच कसा? घर्षण फक्त वेळ ठरवतं. वेग जुळायला एकूण सुमारे ८.४ न्यूटन-सेकंद आवेग लागतो. बल १० न्यूटनचं असेल तर ०.८४ सेकंद लागतात, ५ चं असेल तर दुप्पट. ‘चर्र’ लांबतो, शेवट बदलत नाही. ऊर्जेचंही तसंच आहे. सुरुवातीला डावीत सुमारे १५८ जूल ऊर्जा होती, शेवटी दोघींत मिळून १०५ उरते, एक तृतीयांश उष्णता होते. दुसऱ्या बाजूने पडताळा घेता येतो. कडांमधला सापेक्ष वेग १२.६ वरून एकसारखा उतरत ०.८४ सेकंदात शून्य होतो, म्हणजे कडा एकमेकींवर जवळपास ५.३ मीटर घासतात. १० न्यूटन बलाने ५.३ मीटर म्हणजे ५३ जूल. हिशेब जमला. घर्षण निम्मं केलं तर घासण्याचं अंतर दुप्पट होतं आणि उष्णता पुन्हा तेवढीच. चांगलं तेल घालून किंवा उत्तम रबर लावून ही ऊर्जा वाचवता येत नाही; वेग जुळण्याची ती किंमतच आहे.

या किमतीचं भव्य रूप विमानतळावर दिसतं. विमान उतरतं तेव्हा चाकं जवळपास स्थिर असतात आणि धावपट्टी त्यांच्या खालून सेकंदाला ७० मीटरच्या आसपास वेगाने पळत असते. धावपट्टी म्हणजे अमाप जड चकतीची कड समजा. तिचा वेग काही कमी होत नाही, सगळं जुळवून घेणं चाकाला करावं लागतं. अशा वेळी चाकाला फिरण्याची जेवढी ऊर्जा मिळते, नेमकी तेवढीच घासण्यात उष्णता होते, निम्मी-निम्मी. टेकताना उडणारा धुराचा लोट आणि धावपट्टीवरचे काळे पट्टे हे त्या दुसऱ्या निम्म्याचे. बॉबिनचंही गणित याच जातीचं आहे, कारण हातचाकापुढे तिचं वजन नगण्य.

सूत्र जसंच्या तसं लावायला मात्र चकती भरीव आणि एकसारखी हवी. शिलाई मशीनचं हातचाक तसं नसतं. त्याचं बरंचसं लोखंड कडेला असतं. पूर्ण वजन कडेलाच असलेली कडी असेल तर ती निम्म्या नव्हे, पूर्ण वजनाने वागते. आपल्या उदाहरणात डावीच्या जागी ४ किलोची कडी घातली तर अंतिम वेग दोन तृतीयांशाऐवजी चार पंचमांश येईल आणि ती ४८० फेऱ्यांवर स्थिरावेल. योगायोग असा की चुकीच्या पद्धतीचं उत्तरही ४८० च होतं, तेव्हा प्रयोग करून पाहणाऱ्याने आपली चकती खरोखर भरीव आहे ना, हे आधी तपासलेलं बरं.

प्रयोग अवघड नाही. चकत्यांवर खडूची एकेक रेघ मारायची आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचं संथ चित्रण घ्यायचं. ६०० फेऱ्यांवर डावीची रेघ दर २४ चौकटींनी जागेवर येते. घासणं थांबल्यावर तिला ३६ चौकटी लागल्या आणि उजवीला १८, तर आसांचा हिशेब बरोबर. ३० आणि १५ आल्या तर कोनीय संवेगवाले जिंकले. मोजणी आवाज थांबल्या थांबल्या करावी, कारण खऱ्या बेअरिंगचा अडथळा मागाहून दोन्ही आकडे वाढवत नेतो. चकती जरा जरी लंगडत असेल तर कडा टेकतात-सुटतात, ‘चर्र’ ऐवजी ‘टकटक’ ऐकू येतं आणि घासणं तुकड्यातुकड्यांनी होतं. त्याने वेळ वाढतो. अंतिम वेग मात्र बिघडत नाही, कारण तुटक आवेगसुद्धा दोघींना सारखाच मिळतो.

दोन्ही चकत्या आधीपासून फिरत असतील तरी हीच रीत. टेकण्याच्या जागी कोणाची कड कुठल्या दिशेला धावते ते पाहायचं, एका दिशेला अधिक, दुसरीला वजा म्हणायचं आणि वस्तुमानांच्या प्रमाणात सरासरी काढायची. दोन अगदी सारख्या चकत्या, सारख्या वेगाने, पण एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरी उलट फिरत असेल, तर टेकण्याच्या जागी दोन्ही कडा एकाच दिशेला पळतात. घासणं नाही, आवाज नाही, काहीच होत नाही. आता त्याच दोघी एकाच दिशेने फिरवा, दोन्ही घड्याळाप्रमाणे. टेकण्याच्या जागी कडा समोरासमोर येतात, सरासरी शून्य होते, आणि थोड्या घासाघिशीनंतर दोन्ही चकत्या ठार थांबतात. दोघींचा कोनीय संवेग एकाच दिशेचा होता, एकमेकींना छेद देणारा नव्हता, तरी सगळाच्या सगळा त्या दोन आसांमधून पाटात उतरलेला असतो.